झपतालातला अर्धा दम

गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबल्याची मध्यमा प्रथम परीक्षा मी बेचाळिसाव्या वर्षी दिली. आमच्या क्लासमध्ये माझ्याबरोबर बसणारी बाकी मुलं आठवी-नववीतली. ती मला ताई म्हणतात, सर ‘अहो’ म्हणतात. प्रारंभिक आणि दोन्ही प्रवेशिका मी ठीकठाक गुणांनी पार केल्या होत्या, त्यामुळे जुलैत नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राची तयारी सुरू केली तेव्हा ‘आता थोडा जास्त रियाज आणि थोडं जास्त पाठांतर’ एवढंच डोक्यात होतं. पाच महिन्यांनी मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, माझी खरी तयारी रंगीत तालमीनंतरच्या शेवटच्या चार आठवड्यांत झाली. त्याआधी मी जे करत होते त्यातलं निम्मं चुकीचं होतं आणि ते मला कळतही नव्हतं.

पहाटे सव्वापाचला उठून पाऊण तास, हे वेळापत्रक ठरलेलं. कचेरीत निघण्याआधी स्वयंपाक असतो, संध्याकाळी घरात माणसं असतात, म्हणून पहाटच. पहिली पंधरा मिनिटं फक्त ‘तिरकिट’ आणि ‘धातिरकिट’, अगदी संथ. त्यानंतर कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची, विस्तार करता येणारी रचना. तीनतालात सरांनी दिल्लीचा प्रसिद्ध कायदा दिला होता:

धाति टधा तिट धाधा । तिट धागे तिना किना
ताति टता तिट ताता । तिट धागे धिना गिना

तबला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून हा कायदा जातो. बोल सोपे आहेत, तर्जनी आणि मधल्या बोटाचं काम आहे, हाताला फार ताकद लागत नाही. पण याच कायद्याने माझा पहिला मोठा दोष दाखवला. दुसऱ्या ओळीत खाली आहे, म्हणजे डग्ग्याशिवाय वाजणारा भाग. तिथे ‘धा’चा ‘ता’ होतो, म्हणजे डग्गा बंद व्हायला हवा, आणि शेवटच्या ‘धागे धिना गिना’ला तो पुन्हा उघडायला हवा. मी तोंडाने ‘ताता’ म्हणत होते आणि डावा हात सवयीने हलकासा वाजतच होता. वाजवताना ते ऐकू येत नाही, कारण आपल्या डोक्यात बोल बरोबर चाललेले असतात. एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वयंपाक करताना ऐकलं. ओट्याजवळ उभी राहून कोणती ओळ भरीची आणि कोणती खालीची हे मला कानाने ओळखता येईना. तेव्हा समजलं.

सरांनी त्यावर एक उपाय दिला. पंधरा दिवस खालीची ओळ वाजवताना डावा तळहात डग्ग्याच्या पुडीवर सपाट ठेवायचा, उचलायचाच नाही, आणि ‘धागे’ आलं की मगच उचलायचा. दिसायला हे बरं दिसत नाही आणि परीक्षेत असं वाजवायचंही नसतं. पण हाताला ‘इथे बंद, इथे उघडा’ हे शिकवायला दुसरा इतका सरळ रस्ता मला सापडला नाही. तिसऱ्या आठवड्यात हात उचलला आणि खाली रिकामी ऐकू आली. पलट्यांनाही मग तोच नियम लावला. पलटा कायद्यातल्याच बोलांचा असतो, बाहेरचं अक्षर आणायचं नाही, आणि भरीत जे वाजलं ते खालीत डग्गा काढून तसंच यायला हवं. एवढं हाताला उमगल्यावर पलटे पाठ करण्याची गरज बरीच कमी झाली. जागेवर एखादा पलटा करता येऊ लागला.

दुसरी गोष्ट लयीची. कायदा आधी दुगुनीत म्हणजे एका मात्रेत दोन अक्षरं, मग चौगुनीत चार अक्षरं असा वाजवायचा होता. मी नेहमी आपल्याला आरामशीर वाटेल अशी लय पकडून सुरुवात करायची आणि चौगुनीत गेल्यावर ‘तिट’ची अक्षरं एकमेकांत मिसळायची. सर म्हणाले, “अहो, जिन्याची वरची पायरी आधी बघा आणि मग खालची ठरवा.” म्हणून लेहऱ्याचं, म्हणजे तालाचं आवर्तन धरून ठेवणाऱ्या सुरावटीचं, ॲप लावून मी उलट्या बाजूने शोधलं. मिनिटाला नव्वद मात्रांच्या लयीत माझी चौगुन फुटत होती. ऐंशीलाही तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात मनगट आखडायचं. बहात्तरला मात्र सहा आवर्तनं स्वच्छ वाजत होती. म्हणजे माझी परीक्षेची लय बहात्तर. दुगुन त्या लयीत फार संथ वाटते, ऐकणाऱ्याला कदाचित कंटाळवाणी वाटेल अशी भीती होती. पण चौगुनीतलं प्रत्येक ‘ति’ आणि ‘ट’ वेगळं ऐकू येणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पावसाळ्यात आमच्या मिरजेच्या घरात तबल्याचा आवाज उतरतो. काळी एकला लावलेला तबला सकाळी पाव-अर्धा सूर खाली सापडायचा. गजऱ्यावर वरून हातोडी मारली की सूर चढतो, खालून वर मारली की उतरतो, एवढं तर प्रवेशिकेपासून माहीत होतं. पण सगळ्या सोळा घरांवर सूर सारखा आला की नाही हे कानाने ठरवायला मला दहा-दहा मिनिटं लागत. मी तो वेळ रियाजातून वजा न करता रियाजात धरला. प्रात्यक्षिकाला परीक्षकासमोर तबला लावावा लागला तर तिथे दहा मिनिटं कोण देणार?

लेखी पेपरचा अभ्यास रात्री जेवणानंतर. व्याख्या, घराणी, चरित्रं, ताललिपी आणि लयकारी. चरित्रांचं मला ओझं वाटलं नाही, कारण त्यातली माणसं आमच्याच मातीतली. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडात जन्मले, 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1931 साली मिरजेत त्यांचा शेवट झाला. मी ज्या रस्त्याने क्लासला जाते त्याच गावात. अहमदजान थिरकवा फरुखाबाद घराण्याचे, मुनीर खाँसाहेबांचे शिष्य, आणि गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी बालगंधर्वांना साथ केली. हे वाचताना माझ्या आजोबांनी सांगितलेल्या नाटकाच्या रात्री आठवल्या आणि नाव पाठ करावं लागलं नाही.

अडचण आली ती लिपीची. भातखंडे पद्धतीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली आणि खालीला शून्य लिहितात, बाकीच्या टाळ्यांना दोन, तीन असे क्रम. पलुस्कर पद्धतीत समेला एकचा आकडा, खालीला अधिकचं चिन्ह, आणि टाळ्यांच्या जागी त्या मात्रेचाच आकडा. म्हणजे तीनताल पलुस्कर पद्धतीत लिहिला तर खुणा एक, पाच, अधिक आणि तेरा अशा येतात. मी दोन्ही वेगवेगळ्या दिवशी पाठ केल्या होत्या, आणि घाईत लिहिताना एका लिपीची खाली दुसरीत शिरायची. शेवटी एकाच कागदावर डावीकडे भातखंडे आणि उजवीकडे पलुस्कर अशी घडी घालून प्रत्येक ताल दोन्हीकडे लिहायला लागले. डावी बाजू झाली की कागद उलटायचा. समोरासमोर लिहिल्यावर त्या दोन पद्धती डोक्यात वेगळ्या झाल्या.

लयकारीची मात्र मला गोडी लागली. झपतालाची तिगुन एका आवर्तनात बसवून समेवर आणायची, हा नेहमीचा प्रश्न. दहा मात्रांचा ठेका तिप्पट वेगाने घेतला तर त्याला दहाचा तिसरा भाग, म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रा लागतात. दहातून ते वजा केलं की सहा पूर्णांक दोन तृतीयांश उरतात. म्हणजे सहा मात्रा साध्या ठेक्याच्या वाजवायच्या आणि सातव्या मात्रेचे दोन भाग सोडून तिसऱ्या भागावर तिगुन सुरू करायची:

सातवी मात्रा: ऽऽधीं
आठवी: नाधींधीं
नववी: नातींना
दहावी: धींधींना

आणि पुढची धीं समेवर. हे वहीत मी पाच मिनिटांत लिहायचे. रूपकाची तिगुन त्याच रीतीने पाचव्या मात्रेच्या तिसऱ्या भागावर सुरू होते, तीही लिहायचे. ताल बदलून, पट बदलून मी असे पंधरा-वीस कागद भरले. हिशेबाचं काम करते म्हणून असेल, पण अपूर्णांक जुळून शेवटचं अक्षर बरोबर दहाव्या घरात बसलं की फार समाधान वाटायचं. या समाधानानेच मला फसवलं, ते पुढे येईलच.

परीक्षेच्या चार आठवडे आधी सरांनी रंगीत तालीम ठेवली. नेहमीच्या क्लाससारखी नाही. खोलीतल्या सतरंज्या उचलून एका बाजूला टेबल मांडलं, बाहेर बाकावर आम्हाला बसवलं आणि नाव पुकारून एकेकाला आत घेतलं. टेबलामागे सर नव्हते. त्यांनी दुसऱ्या गावाहून आपले एक शिक्षक-मित्र बोलावले होते. आम्हाला ते ओळखत नव्हते, आम्हीही त्यांना नाही. लेहऱ्याला ॲप नाही, बारावीतला एक मुलगा पेटीवर. सर मागे कोपऱ्यात बसून रेकॉर्ड करत होते.

तीनताल सुरू केला. बहात्तरच्या आसपास लय सांगितली, पेटीवाल्याने धरली, कायदा निघाला. पलटे आले, खाली रिकामी वाजली. मला वाटलं, छान चाललंय. चौगुनीत गेल्यावर चौथ्या पलट्याशी बोटं फुटली. बहात्तरला जी चौगुन सहा आवर्तनं टिकायची ती तिथे तीन आवर्तनंही टिकेना. घाम आला असेल, घाबरले असेन, असं मी समजले.

मग झपताल. शेवटी एक साधी दमदार तिहाई होती, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं:

तिटकता गदिगन धा ऽ
तिटकता गदिगन धा ऽ
तिटकता गदिगन धा

समेपासून सुरू. एका फेरीत तीन मात्रा आणि त्यानंतर एका मात्रेचा दम, म्हणजे विराम. तीन अधिक एक, तीन अधिक एक, आणि तीन, असे अकरा. दहा मात्रांचं आवर्तन भरून अकरावी मात्रा म्हणजे पुढची सम, तिथे शेवटचा धा. मी वाजवलं, शेवटचा धा जोरात दिला आणि हात उचलला.

“कुठे आलात?” परीक्षकांनी विचारलं.

“समेवर.”

“नाही. दहाव्या मात्रेवर. पुन्हा वाजवा.”

पुन्हा वाजवलं आणि पुन्हा दहावरच आले. या वेळी पेटीवरचा ‘सा’ मला माझ्या धानंतर ऐकू आला. ते काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “आता झपतालाची तिगुन हाताने टाळी देऊन म्हणून दाखवा.”

हेच मी पंधरा-वीस कागदांवर लिहिलं होतं. पहिली, तिसरी आणि आठवी टाळी, सहावीवर खाली. साधा ठेका म्हणताना हात बरोबर चालला. सातव्या मात्रेचे दोन भाग सोडताना मी हातही सोडला. ‘ऽऽ’ म्हणजे गप्प बसायचं, आणि गप्प बसताना हात थांबला. त्यानंतरची ‘धीं’ कुठे पडली हे मलाच कळलं नाही. आठवीची टाळी मी नवव्या मात्रेला दिली. अपूर्णांक कागदावर बरोबर होता. शरीरात तो कधी उतरलाच नव्हता, कारण मी तिगुन एकदाही तोंडाने म्हणून पाहिली नव्हती. लिहून समाधान झालं की वही मिटत होते.

त्या रात्री सरांबरोबर रेकॉर्डिंग ऐकायला बसले. सर फोनवरच्या मात्रा मोजायच्या साधनाने टिचक्या मारत लय मोजत होते. तीनताल सुरू झाला तेव्हा त्र्याहत्तर. पहिल्या पलट्यानंतर अठ्ठ्याहत्तर. चौगुनीच्या सुरुवातीला अठ्ठ्याऐंशी. बोटं फुटली तिथे चौऱ्याण्णव. मी लय ओढत होते आणि पेटीवरचा मुलगा भल्या स्वभावाने माझ्यामागे येत होता. घरी ॲपचा लेहरा कधी पुढे येत नाही. मी घाई केली की सम चुकते आणि ताबडतोब कळतं, म्हणून मी नकळत त्याला धरून राहायचे. माणूस साथीला आला की तो सांभाळून घेतो, आणि घाई लपते. लपते म्हणजे काय, तर शेवटी बोटांवर येते. मला वाटत होतं मी घाबरल्यामुळे फुटले. खरं तर मी त्या लयीत वाजवूच शकत नव्हते, आणि तिथवर माझं मीच आणलं होतं.

तिहाईचं कारणही तिथेच सापडलं. तिटकता गदिगन धा बरोबर तीन मात्रांत येत होतं. दम मात्र मी एक मात्रेचा न ठेवता अर्ध्या मात्रेचा ठेवत होते. दोन दम, प्रत्येकी अर्धी मात्रा कमी, म्हणजे मिळून एक मात्रा. नऊ अधिक एक, दहा. म्हणून दोन्ही वेळा अगदी तंतोतंत दहाव्या मात्रेवर. पुन्हा वाजवूनही मी तिथेच येत होते, कारण माझी चूकसुद्धा पक्की बसली होती.

उरलेल्या चार आठवड्यांत नवीन काहीच शिकले नाही. एक तुकडा राहिला होता, तो सरांनी सोडून द्यायला सांगितला.

दमासाठी सरांनी मला तो रिकामा ठेवू दिला नाही. ‘धा’नंतर मोठ्याने ‘एक’ म्हणायचं, आणि हा ‘एक’ तिटकताच्या ‘ति’इतकाच ठाम हवा. तिटकता गदिगन धा एक, तिटकता गदिगन धा एक, तिटकता गदिगन धा. आठ दिवस असं म्हणत वाजवलं. पुढचे आठ दिवस ‘एक’ ओठातल्या ओठात. त्यानंतर नुसती मान. शेवटी ‘एक’ गेला पण जागा राहिली. आता दम मला मोकळी जागा वाटत नाही, त्यात एक न वाजलेली मात्रा स्पष्ट ऐकू येते.

पढंतीसाठी, म्हणजे बोल टाळी देत तोंडाने म्हणण्यासाठी, तबल्याला हात न लावता रोज वीस मिनिटं ठेवली. कणीक मळताना नाही, कारण टाळीला दोन्ही हात लागतात. सकाळी फिरायला जाताना पावलावर मात्रा धरून तोंडाने, आणि घरी बसून टाळीसकट. सातव्या मात्रेचे दोन रिकामे भाग सुरुवातीला ‘अ अ धीं’ असे उच्चारले, म्हणजे तिथेही जीभ हलत राहील. जीभ हलली की हातही थांबत नाही. रूपकात आणखी एक गुंता असतो, समेवरच खाली येते, टाळीऐवजी हात पसरायचा. तो ताल मी मुद्दाम सगळ्यात आधी घ्यायचे.

लयीसाठी केलेला उपाय मला सगळ्यात उपयोगी पडला, म्हणून तो नीट सांगते. ॲपवर बहात्तरचा लेहरा लावायचा, कायदा सुरू करायचा आणि दोन आवर्तनांनंतर फोनचा आवाज पूर्ण बंद करायचा. लेहरा थांबवायचा नाही, फक्त आवाज शून्य. आतल्या आत तो चालूच असतो. आपण चार आवर्तनं वाजवायची आणि समेवर येताना आवाज पुन्हा वाढवायचा. मुलगी शेजारी बसून हे करायची, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले. पहिल्या दिवशी चार आवर्तनांत मी जवळजवळ अडीच मात्रा पुढे गेले होते. चौसष्ट मात्रांत अडीच म्हणजे फार वाटत नाही, पण सात-आठ मिनिटांच्या वादनात तेच साठत जाऊन चौऱ्याण्णव होतं. कुठे पळते हेही हळूहळू दिसलं. दुगुनीतून चौगुनीत जाताना, आणि प्रत्येक पलट्याच्या खालीत. खाली मला सोपी झाली होती, डग्गा नसल्याने हात हलका होतो आणि हलका हात पळतो. तिथे मी मनातल्या मनात मात्रा मोजायला लागले. दोन आठवड्यांत फरक अर्ध्या मात्रेवर आला. पूर्ण शून्य झाला नाही.

शेवटच्या आठवड्यात पेटीवरच्या त्याच मुलाला दोनदा घरी बोलावलं. त्याला सांगितलं, “मी पळाले तर माझ्यामागे येऊ नकोस. तुझी लय सोडू नकोस, मला चुकू दे.” त्याला हे जड गेलं, साथीला बसणाऱ्याच्या हाताला ते पटतच नाही. पण त्याने केलं.

लेखी पेपर नीट गेला. ताल दोन्ही लिपींत विचारला होता, मी मनातल्या मनात कागदाची घडी घातली आणि लिहिला. प्रात्यक्षिकाला केंद्रावर दीड तास थांबावं लागलं. सकाळच्या थंडीने तबला थोडा चढला होता, बाहेरच बसून उतरवून घेतला. आत गेल्यावर परीक्षकांनी कायदा चार पलट्यांनंतर थांबवून “आता तुमचा एखादा करा” म्हटलं. मी ‘तिट’ दोनदा घेऊन एक साधा पलटा केला, खालीसकट. झपतालाची तिगुन विचारली नाही, रूपकाची दुगुन टाळी देऊन विचारली. साडेतीन मात्रा सोडून चौथीच्या दुसऱ्या अर्ध्यावर उठायचं, ‘अ तीं’ असं ओठात म्हणत उठले आणि हात चालत राहिला. शेवटी झपतालाची ती तिहाई. दोन्ही दमांत मान हलली हे मला जाणवलं. धा आणि पेटीचा ‘सा’ एकत्र आला.

बाहेर येऊन तबल्याला गवसणी घालत होते. तो मुलगा पेटी उचलून शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, आज तुम्ही मला ओढलं नाहीत. फक्त चौगुनीला थोडं.”

“किती?”

“फार नाही. मी आलो नाही मागे. तुम्हीच परत आलात.”